नानांचा राउटर, माझा राउटर आणि चॅनल 4

जळगावात आमची रो-हाऊसची ओळ आहे. शेजारच्या नानांची आणि आमची भिंत एकच. रात्री आठ वाजले की मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायचा. मी लाइनवाल्याकडे दोनदा तक्रार केली, पण दोष लाइनचा नव्हताच. लॅपटॉपवरून आमच्याच राउटरला पिंग करून पाहिलं:

```
ping 192.168.1.1
```

दुपारी उत्तर 3-4 मिलिसेकंदांत यायचं, रात्री 200 च्या घरात. घरातल्या घरात एवढा वेळ लागतोय म्हणजे गडबड वायफायची.

मोबाइलवर वायफाय अॅनालायझर उघडलं तर आमच्या बैठकीत नानांचा सिग्नल -45 dBm आणि आमचा स्वतःचा -50. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. दोन्ही राउटर चॅनल 4 वर, म्हणजे एकाच रेडिओ लहरींच्या वाटेवर. एका चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. नानांकडे टीव्हीवर सिनेमा सुरू झाला की आमची पाळी लांबायची.

मग मी एकट्यानेच चॅनल बदलून पाहिला. 6 वर गेलो तर आणखी बिघडलं. वायफायच्या 2.4 GHz पट्ट्यात चॅनल पाच-पाच MHz अंतरावर असतात, पण प्रत्येकाला जागा लागते 20 MHz. त्यामुळे 4 चा पसारा 1 वरही येतो आणि 6 वरही. अशा अर्धवट शेजाऱ्याचं बोलणं राउटरला कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. 11 मोकळा असता तर तिकडे गेलो असतो, पण मागच्या गल्लीतले दोन राउटर तिथेच बसलेले. दोघांनीही हलणं हाच मार्ग होता.

नानींनी दिलेला भरिताचा डबा परत करताना त्यात चिठ्ठी ठेवली:

“नाना, आपले दोन्ही राउटर चॅनल 4 वर आहेत, म्हणून रात्री दोघांचंही नेट अडतं. मी 1 वर जातो, तुम्ही 6 वर या. एकानेच बदलून भागत नाही. तुमचा पासवर्ड, स्पीड, प्लॅन यातलं काही बदलणार नाही. सांगाल तेव्हा येतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

संध्याकाळी नाना स्वतःच दारात. “मनं बी अडकस रे भाऊ! चाल, करी टाकू.”

लॉगिनचा पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर होता, तो नानांनीच टाकला. 2.4 GHz च्या पानावर Channel मध्ये Auto काढून 6 ठेवला, कारण Auto ठेवलं तर तो कधीही पुन्हा 4 वर येऊ शकतो. Channel Width 20 MHz केली. 40 ठेवली असती तर त्यांचा पसारा पुन्हा माझ्या 1 पर्यंत येण्याची भीती. सेव्ह केल्यावर अर्धा मिनिट वायफाय गेलं, नानी आतून ओरडल्या, आणि टीव्ही आपोआप जोडला गेला. मग घरी येऊन मी माझा 1 वर नेला.

त्या रात्री साडेआठला पिंग 5 ते 8 मिलिसेकंद. भिंतीपलीकडे नानांचा सिनेमा चालू होता.