आईच्या गोळ्यांचा तक्ता अडला एका ओळीवर

आईची थायरॉइड आणि बीपीची औषधं आमच्या फॅमिली डॉक्टरांची, हाडांची ऑर्थोपेडिकची. दोघांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून तिच्यासाठी तक्ता करायला बसले. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एचएस झोपताना. एवढं मेडिकलमधल्या फार्मासिस्टने लगेच सांगितलं.

गाडी अडली कॅल्शियमवर. हाडांच्या चिठ्ठीत कॅल्शियम १-०-०, आणि थायरॉइडची गोळीही सकाळीच, अनशापोटी. फार्मासिस्ट म्हणाला, "ताई, ह्या दोन्ही जवळजवळ देऊ नका. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मध्ये चार तास तरी हवेत. पण वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारा." आता कळलं, आई एकही गोळी चुकवत नसताना थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच का वाढला असेल!

मग सुरू झाला तो छळ. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर विचारलं तर "पेशंटला घेऊन ओपीडीत या." गुडघे दुखणाऱ्या बाईला एका ओळीसाठी रिक्षात घालून आणायचं? फोन केला तर "सर ओटीत आहेत." पुन्हा केला तर "चिठ्ठीत लिहिलंय तसंच द्या." अहो, पण लिहिलंय तेच तर विचारतेय! त्या चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधांसाठी जागाच नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं. शेवटी दोन्ही चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढली, त्यावर ठळक अक्षरात "थायरॉइडची गोळी सकाळी ६ ला. कॅल्शियम दुपारी चालेल का?" असं लिहिलं आणि ओपीडी सुटताना सिस्टरच्या हातात दिलं. सरांनी १-०-० खोडून ०-१-० केलं, खाली सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम. मला इतकं हायसं वाटलं, तरी राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्याची चिठ्ठी आधी टेबलावर ठेवा.

तक्त्यात घड्याळापेक्षा आईचा दिवस धरला: उठल्यावर, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणानंतर, झोपताना. उठल्यावर थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, हे त्याच चौकटीत मोठ्या अक्षरात लिहिलं. आईला स्ट्रिपवरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीत संपलेल्या स्ट्रिपचा तुकडा चिकटवला. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम जुळवून तुकडा बदलायचा. आठवड्यातून एकदाची व्हिटॅमिन डी रोजच्या तक्त्यात अजिबात नको. ती कालनिर्णयावर रविवारी गोल करून ठेवली आहे.

एसओएस, म्हणजे दुखलं तरच घ्यायची गोळी, तीही तक्त्याबाहेर, वेगळ्या डबीत. दिवसात जास्तीत जास्त किती, ते डॉक्टरांना विचारून डबीवरच लिहा.