नवे घरात येईपर्यंत

"घरात माणसं दोन, मग क्विंटलभर ज्वारी कशाला भरता?"

पुण्याच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात ज्वारी टिकवणे अवघड असते, हे मला कळते. दाताखाली कट्कन फुटेपर्यंत दाणा वाळवला आणि थराथरांत कडुलिंबाचा पाला घातला, तरी श्रावणात पोत्यात हात घालावा तो आतून ऊब लागते आणि तळाशी पीठ साठलेले दिसते. म्हणजे सोंडे आत शिरलेलेच असतात. तरीही मी भरते.

आमचे आजोळ सोलापूर जिल्ह्यातले. 1972 च्या उन्हाळ्यात भाव बरा मिळतो म्हणून आणि सावकाराचे तोंड बंद व्हावे म्हणून आजीने कणगीतली निम्म्याहून अधिक ज्वारी विकली. त्यात अविचार काहीच नव्हता. मृगाचा नाही तर हस्ताचा पाऊस येईल आणि रब्बी हाती लागेल, असाच कोणाचाही हिशेब असता. पाऊस आला नाही आणि पेरणीही झाली नाही. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाळीनंतर एके दिवशी आजीने तिला कणगीत उतरवून केरसुणीने तळ झाडायला लावला. जे निघाले त्यात दाण्यांपेक्षा शेणाचे पोपडे आणि माती जास्त होती. आजीने ते दोनदा पाखडले, उरलेले दाणे ओट्यात घेतले आणि सुपात राहिलेली मातीसुद्धा टाकून न देता पुन्हा बोटांनी चिवडत बसली. आई हे सांगताना अजूनही स्वतःच्या बोटांकडे पाहते. पुढे पाझर तलावाच्या कामावर माती वाहणे, सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी हे सगळे आले. पण आईला त्याची भीती वाटत नाही, भीती त्या तळाची वाटते. नवे घरात आल्याशिवाय जुने संपवायचे नाही, हा आमच्या घरचा नियम तिथला आहे.

हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यातील उपासमारीचे परिणाम तेव्हा गर्भात असलेल्या मुलांच्या शरीरावर पुढे आढळले, हे खरे. पण आई तेव्हा गर्भात नव्हती, कणगीत होती. आमच्याकडे जे आले ते रक्तातून नव्हे, बघून आले, असे मला वाटते.

पूर्वी मी याला काटकसरीचा संस्कार म्हणत असे. मुलगी ज्या नोकरीत रोज अपमान सोसत होती, ती दुसऱ्या कंपनीचे पत्र हाती पडेपर्यंत तिने सोडली नाही, तेव्हा मला तो शब्द नकोसा झाला. तिने कणगी पाहिलेली नाही, दुष्काळाची गोष्टही धड ऐकलेली नाही. "असं सगळेच करतात, आई," असे ती म्हणते. कदाचित करतही असतील; कर्जाचे हप्ते चालू असताना शहाणपण कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते, हे मला तिच्या बाबतीत सांगता येत नाही आणि माझ्या बाबतीतही नाही. यंदा पन्नास किलोच घ्यावी, असा तिचा आग्रह आहे. मी अजून हो म्हटलेले नाही.