स्टुडंट व्हिसावरून एच-१बीकडे जाताना

"मुलीनं इथं सोलापुरात बीई केलं, आता अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये एमएस करतेय. २०२७ च्या मे महिन्यात संपेल. पुढं कंपनीकडून एच-१बी मिळावा म्हणून तिनं आत्तापासून काय करायचं? आणि आम्हाला इथून काही करता येईल का?"

एच-१बीसाठी अर्ज कंपनी करते, मुलगी नाही. तिच्या हातात तीन गोष्टी आहेत: ओपीटी कधी सुरू करायची, नोकरी कशा प्रकारची धरायची, आणि अर्ज विचाराधीन असताना कुठं राहायचं. बहुतेकांचं अडतं ते याच तीन ठिकाणी. खालच्या तारखा आजच्या नियमांप्रमाणे आहेत.

ओपीटी म्हणजे शिकलेल्या विषयातच वर्षभर काम करण्याची परवानगी. समजा कोर्स १५ मे २०२७ ला संपतो. मग अर्ज त्याआधी नव्वद दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारीपासून करता येतो आणि कोर्स संपल्यावर साठ दिवसांपर्यंत चालतो. त्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसची शिफारस लागते. ती नव्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यावर येते, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज पोचला नाही तर तो नामंजूर होतो. एरवी सगळं नीट असलेले अर्ज याच एका कारणानं पडतात. म्हणून आधी फॉर्म, फोटो, फी सगळं तयार ठेवावं आणि मगच शिफारस मागावी.

अर्जात ओपीटी सुरू होण्याची तारीख तिनंच लिहायची असते. इथं नीट विचार करावा, कारण पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि हे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. परीक्षा संपल्या संपल्या, १६ मे ही तारीख टाकली आणि नोकरी नसली, तर १३ ऑगस्टला नव्वद दिवस भरतात. तीच तारीख सर्वांत उशिराची, म्हणजे १४ जुलै टाकली, तर ११ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. नोकरीचं पत्र हातात असेल तर कंपनीच्या रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे चालावं. नसेल तर शेवटची तारीख घ्यावी. नंतर ती बदलून मिळेल या भरवशावर राहू नये.

नोकरी मिळेपर्यंत दिवस वाया जाऊ नयेत, यासाठी एक मार्ग कायद्यातच आहे. या पहिल्या वर्षात आठवड्याला किमान वीस तास, विषयाशी थेट संबंध असलेलं काम केलं तर तो काळ बेकारीत धरत नाहीत. कायद्यात बसत असेल तर ते बिनपगारीही चालतं. एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतलं काम सहसा यात बसतं. मात्र तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्यावं आणि दहा दिवसांच्या आत परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींसाठी असलेल्या सेव्हिस पोर्टलवर नोंद करावी. काम केलं पण नोंद केली नाही, तर प्रणालीत बेकारीचे दिवस मोजले जातच राहतात.

कॉम्प्युटर हा स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातला विषय असल्यानं या वर्षानंतर आणखी चोवीस महिने मिळतात. त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी तपासण्याच्या सरकारी प्रणालीत नोंदलेली हवी, आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा कंपनीनं सही करून द्यायला हवा, आणि काम पगारी हवं. ही विचारणा नोकरी स्वीकारतानाच करावी. अकराव्या महिन्यात "आम्ही ई-व्हेरिफायमध्ये नाही" असं कळलं, तर पुढची दोन वर्षं हातची जातात.

१४ जुलै २०२७ ला सुरू झालेली ओपीटी स्टेम धरून १३ जुलै २०३० पर्यंत जाते. त्या काळात मार्च २०२८, २०२९ आणि २०३० असे एच-१बीच्या सोडतीचे तीन मार्च येतात. कंपनी मार्चमध्ये नाव नोंदवते, निवड झाली तर एप्रिलपासून पूर्ण अर्ज करते आणि नोकरी १ ऑक्टोबरपासून एच-१बीवर चालू होते. २०३० साली ओपीटी जुलैत संपली, तरी अर्ज त्याआधी गेलेला असेल तर मधल्या काळात काम सुरू ठेवता येतं.

सोडतीत आता सगळ्यांना सारखी संधी नाही. २७ फेब्रुवारी २०२६ पासून पगाराच्या पातळीप्रमाणे चिठ्ठ्या पडतात: पहिल्या पातळीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. पातळी ठरते ती कामाचा प्रकार आणि कामाचं ठिकाण यांवरून. नवशिक्यांना बहुधा पहिली किंवा दुसरी मिळते. म्हणून ऑफर आली की flag.dol.gov वर त्या शहरातल्या त्या कामाच्या चारही पातळ्यांचे आकडे बघावेत. समजा दुसरी पातळी ९५,००० डॉलरला सुरू होते आणि ऑफर ९३,००० ची आहे. मग दोन हजारांसाठी मागणी करणं म्हणजे दर मार्चला एकाऐवजी दोन चिठ्ठ्या मागणं. तोच पगार स्वस्त शहरात दुसऱ्या पातळीत बसतो आणि महागड्या शहरात पहिलीतही बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. दोन-तीन कंपन्यांनी नोंदवलं म्हणून संधी वाढत नाही. निवड आता पासपोर्टगणिक, म्हणजे माणसागणिक होते. म्हणून तो पासपोर्ट संपत आला असेल तर मार्चच्या आधीच नवा करून घ्यावा.

"एच-१बी करून देतो, खर्च तुमचा" असं सांगणाऱ्या कन्सल्टन्सीला पैसे देऊ नका. नोंदणीची आणि अर्जाची फी कंपनीनं भरायची असते. बिनकामाचा पगार कागदावर दाखवणाऱ्यांच्या नादी लागलेल्या मुलांचे पुढचे अर्जही अडकतात.

आता तुमच्या बाजूचं. तिच्या बीईच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र आत्ताच गोळा करून स्कॅन पाठवा. दीक्षान्त समारंभाला जाता आलं नाही म्हणून प्रमाणपत्र विद्यापीठातच राहिलेल्यांना नंतर घाई होते. चार वर्षांच्या बीईवर ६५,००० च्या मुख्य कोट्यात नाव देता येतं. म्हणजे मार्च २०२७ मध्येच, एमएस पूर्ण होण्याआधी, एखादी कंपनी तयार असेल तर एक सोडत जादा मिळते. वेगळा २०,००० चा कोटा अमेरिकेतल्या मास्टर्ससाठी आहे; त्यासाठी अर्जाच्या वेळी पदवी पूर्ण झालेली लागते. गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर मांडणी वेगळी, असं आपल्याकडं सर्रास असतं. स्पेलिंगही वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आणि लग्नसराईचं आधी ठरवा. एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान, तिचा स्टेटस बदलण्याचा, म्हणजे देशात राहूनच विद्यार्थ्याचा दर्जा सोडून एच-१बीवर जाण्याचा अर्ज निकाली निघालेला नसताना ती मे महिन्यातल्या घरच्या लग्नासाठी सोलापूरला आली, तर ती विनंती सोडून दिल्यासारखी धरली जाते. मग व्हिसाचा शिक्का इथल्या वकिलातीतून घेण्याची वेळ येते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही. तो आदेश मुळात एका वर्षासाठी आहे. पुढे वाढवला आणि ती अर्ज निकाली निघण्याआधीच देश सोडून आली, तर ती रक्कम भरण्याची वेळ कंपनीवर येते, आणि नवख्या इंजिनिअरसाठी इतकी रक्कम मोजणारी कंपनी विरळा. स्टेटस बदलल्याचा निकाल हातात आल्यावर तिनं यावं. भेटायची घाई असेल तर त्या उन्हाळ्यात तुम्हीच तिच्याकडं जा. त्यानं तिच्या अर्जाला काही होत नाही.