फ्लेक्समागचं दार

शहापुरातलं आमचं जुनं घर पाडून चार वर्षं झाली. त्याच्या दर्शनी बाजूचा पूर्ण फोटो एकच, तोही शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवशी सकाळी चुलतभावाने मोबाईलवर काढलेला. माडीच्या मधोमध दहा फुटी फ्लेक्स, खाली शुभेच्छांचे दोन फलक आणि दोऱ्यांचं जाळं. आत्याला भिंतीवर लावायला घर हवं होतं, फ्लेक्स नको होता. मी जिम्प या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅमवर काम करतो, म्हणून ते माझ्याकडे आलं.

माडीवर डावीकडे एक गजाची खिडकी दिसत होती, उजवीकडे दुसरी. मध्येही तशीच असणार असं धरून मी चाललो. फोटो डाव्या कोपऱ्यातून काढलेला, त्यामुळे भिंत तिरकी. म्हणून आधी लेयरची प्रत घेऊन पर्स्पेक्टिव्ह टूल करेक्टिव्ह दिशेला लावलं, जाळीचे चार कोपरे भिंतीच्या चार कोपऱ्यांवर बसवले आणि भिंत सपाट करून घेतली. ते चार बिंदू पिक्सेलमध्ये वहीत लिहून ठेवले, कारण भिंत परत तिरकी करताना त्याच बिंदूंवर लेयरचे कोपरे ओढायचे असतात. सपाट केल्यावर भिंत पूर्ण कॅनव्हासभर ताणली जाते आणि खिडक्या बेढब दिसतात, पण परत नेताना त्या मूळ मापात येतात.

उजवी खिडकी उचलून मध्ये ठेवली, गिलावा क्लोनने भरला. सपाट चित्रात झकास दिसत होतं. परत तिरकं केल्यावर मात्र खिडकी खोटी वाटायला लागली. डावीकडून बघताना उजव्या खिडकीच्या चौकटीची आतली बाजू जास्त दिसते, डाव्या खिडकीची जवळजवळ नाहीच. मधलीची या दोघींच्या मध्ये कुठेतरी दिसायला हवी. भिंत सपाट केली म्हणून खोली सपाट होत नाही. डावी खिडकी उलटवून वापरावी म्हटलं, तर ऊन उजवीकडून, आणि उलटवल्यावर चौकटीची सावली चुकीच्या बाजूला जाते. शेवटी उजवीचीच आतली कड कापून अरुंद केली.

तो फोटो घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली, "अरे, मध्ये खिडकी कुठली? दार होतं की तिथं! सज्जावर उघडणारं. मी तिथंच तर उभी होते लग्नात."

मला वाईट वाटलं, कारण पुरावा फोटोतच होता. फ्लेक्सच्या खालच्या कडेला लाकडी घोडे दिसत होते, दोन. मी ते फ्लेक्सच्या आधाराचे समजून पुसून टाकले होते. ते सज्जा पेलणारे होते. सरळ मूळ फोटोवर आलो.

आत्याने ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढला. एका फोटोत ती सज्जावर उभी, तिच्या मागे दाराची डावी फळी आणि कठड्याचे पाच गज. फोटो विटलेला, चिकटवण्यासारखा नव्हता, पण मापाला पुरला. दाराची वरची चौकट खिडकीच्या चौकटीच्या रेषेत होती, आणि फळीची रुंदी शेजारच्या खिडकीच्या निम्म्याहून थोडी जास्त. लाकडाचा पोत मी त्याच मोबाईल फोटोतल्या तळमजल्याच्या दारातून घेतला. तो सावलीत होता, म्हणून कर्व्ह्जने उजळ केला आणि थोडा उबदारही.

कठड्याने खरा वेळ घेतला. तो भिंतीपासून पुढे आलेला, म्हणून भिंतीचे चार बिंदू त्याला चालत नाहीत. त्याचं वेगळं लेयर केलं आणि घोड्यांची टोकं धरून वेगळा कल दिला.

फ्लेक्स गेला तरी त्याची सावली आणि दोऱ्यांच्या बारीक सावल्या गिलाव्यावर उरतात. हे आधी लक्षात येत नाही. फोटो आडवा उलटवून पाहिला की डोळ्यात भरतात. मोकळ्या भिंतीवर हील टूल चाललं, पण चौकटीजवळ त्याने काळपट डाग पसरवले, तिथे क्लोनच वापरावा लागला. आणखी एक: दोनदा वाकवलेला तुकडा गुळगुळीत होतो. म्हणून परत फक्त तो तुकडाच मास्क लावून नेला, बाकी भिंत मूळच ठेवली, आणि त्यावर आजूबाजूइतकाच हलका नॉइज टाकला. शंभर टक्क्यांवर पाहून जोड सापडेना, तेव्हा थांबलो.

दारावरच्या तावदानाच्या रंगावरून आत्या आणि काका यांचं जमेना. ती हिरवं म्हणते, ते तांबडं. अल्बममध्ये तो भाग कापला गेलाय. मी ते साध्या काचेचं ठेवलं. प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहिलंय: मधलं दार, सज्जा आणि फलकांमागची भिंत नव्याने केलेली, बाकी मूळ. मूळ फोटो फ्लेक्ससकट वेगळा जपून ठेवलाय.