चौकातला हॉर्न मोजताना: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची नोंद

आमच्या पुण्यातल्या गटात नववी-दहावीची मुलं आणि डिप्लोमाचे दोघं आहेत. त्यांना शहराच्या एखाद्या प्रश्नावर काम करायचं होतं आणि सुरुवातीला यादी लांबलचक होती. नळाच्या पाण्यातला क्लोरीन टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत किती उरतो, हा विषय मला फार आवडला होता. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन हवा आणि तो साध्या किटने तपासता येतो. चौकात कोणत्या बाजूने किती वाहनं वळतात ते मोजण्याचाही विचार झाला. शेवटी आवाज निवडला. रस्त्याला लागून एक रुग्णालय आहे, समोर सिग्नल आहे, आणि मुलांना तिथला त्रास रोज ऐकू येतो.

पहिल्याच बैठकीत मी एक आग्रह धरला. 'इथे आवाज खूप आहे' हे यंत्राने सिद्ध करून काही हाती लागत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. उत्तर कुणाच्या तरी कामाला येईल असा प्रश्न हवा. त्यातून हा प्रश्न ठरला: या चौकातल्या आवाजात हॉर्नचा वाटा किती, आणि सिग्नलच्या कोणत्या टप्प्यात तो वाजतो? याचं उत्तर वाहतूक शाखेला वापरता येतं.

यंत्र आता चालू आहे. `ESP32` बोर्ड, `INMP441` मायक्रोफोन, वेळेसाठी `DS3231` आणि नोंदीसाठी मेमरी कार्ड, एवढंच. मायक्रोफोनचा सिग्नल ए-भारित गाळणीतून जातो. आपल्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, ती सवय ही गाळणी आकड्यांना लावते. मग दर सेकंदाला एक आकडा कार्डावर लिहिला जातो. ध्वनिमुद्रण कुठेच साठवत नाही, हा निर्णय आम्ही मुद्दाम घेतला. चौकात माणसं बोलत असतात, त्यांचं बोलणं आपल्याकडे असायला नको. रुग्णालयाच्या कार्यालयात परवानगी मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्नही हाच आला.

मायक्रोफोन बसवताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. या छोट्या बोर्डावर आवाज आत जाण्याचं छिद्र इतकं बारीक असतं की गरम गोंदाचा एक थेंबही ते बुजवतो. मग आकडे कमी येतात, पण यंत्र अगदी व्यवस्थित चालू असल्यासारखं दिसतं. दुसरं, मायक्रोफोन खोक्यात खोल ठेवून पुढे लांब नळी ठेवली तर ती पोकळी शिट्टीसारखी घुमते आणि वरच्या पट्टीतले आवाज खोटे वाढतात. म्हणून छिद्र खोक्याच्या भिंतीला अगदी भिडवून ठेवायचं आणि वरून फोमचा गोळा घालायचा. फोम नसेल तर वाऱ्याची झुळूक थेट मायक्रोफोनवर आपटते आणि रिकाम्या रस्त्यावरही आकडा उड्या मारतो. अशा उड्या दिसल्या आणि त्याच वेळी झाडाची पानं हलत असतील तर ती नोंद बाजूला ठेवा.

कॅलिब्रेशनसाठी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून प्रमाणित ध्वनिमापक काही तासांसाठी मिळाला. दोन्ही मायक्रोफोन शेजारी शेजारी ठेवले आणि स्पीकरवर एकसारखा खरखराट लावून आधी हळू, मग मध्यम, मग मोठा असे टप्पे घेतले. तिन्ही टप्प्यांत फरक सारखाच आला तर तो आकडा प्रोग्राममध्ये मिळवायचा की काम झालं. फक्त हळू आवाजात फरक वाढला तर मायक्रोफोनची स्वतःची कुजबुज मध्ये येते आहे. फक्त मोठ्या आवाजात वाढला तर सिग्नल वर कापला जातो आहे. हे एकाच पातळीवर तपासून कळत नाही, म्हणून तीन टप्पे घ्यायचेच.

जागा निवडण्यात बराच वेळ गेला. मुलांना सिग्नलच्या खांबाजवळ उभं राहायचं होतं. तिथे शेजारी थांबलेली एक रिक्षा सगळे आकडे ठरवते, कारण हॉर्नपासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल कमी होतात. भिंतीला चिकटून ठेवलं तर परावर्तनामुळे ६ डेसिबलपर्यंत जास्त दाखवतं. आम्ही रुग्णालयाच्या आवारात, कुंपणाच्या आतल्या बाजूला, इमारतीच्या भिंतीपासून दूर, दीड मीटर उंचीवर तिपाई लावली. रुग्णाच्या बाजूने मोजायचं असेल तर हीच जागा योग्य. वायरी बाहेर आलेला खोका चौकात बेवारस दिसू नये म्हणून त्यावर गटाचं नाव आणि परवानगीच्या पत्राची प्रत चिकटवली, आणि एक जण कायम शेजारी थांबला.

हॉर्न ओळखायला सध्या माणूसच ठेवला आहे. बोर्डाला दोन बटणं जोडली आहेत आणि दोन मुलं एकमेकांकडे न बघता हॉर्न ऐकला की आपापलं बटण दाबून धरतात. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर ती मिनिटं मोजणीत धरत नाही. बोट दाबायला थोडा उशीर होतोच, म्हणून प्रत्येक नोंदीच्या आधीचा एक सेकंदही हॉर्नचा मानतो. तिसरा मुलगा सिग्नल लाल-हिरवा होण्याच्या वेळा लिहितो.

आता हिशोब, कारण प्रकल्पाचा गाभा इथेच आहे. नमुन्यासाठी एक मिनिट घेऊ. ५४ सेकंद नुसती वाहतूक, ६८ डेसिबल. ६ सेकंद हॉर्न, ८८ डेसिबल. शाळेतली सरासरी काढली तर बरोबर ७० येते आणि हॉर्नने दोनच डेसिबल वाढवले असं वाटतं. पण डेसिबल ही लॉगरिदमची पट्टी आहे. २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट ऊर्जा. म्हणून आधी प्रत्येक आकड्याची ऊर्जा करायची, तिची सरासरी घ्यायची आणि मग परत डेसिबलमध्ये यायचं. ही समतुल्य पातळी, आणि कायद्यातल्या मर्यादाही याच पातळीत दिलेल्या आहेत. तशी काढली की त्याच मिनिटाचं उत्तर ७८.४ येतं. मिनिटभरातल्या एकूण ध्वनिऊर्जेपैकी ९२ टक्के त्या सहा सेकंदांत आहे. फळ्यावर हे मांडल्यावर सईने विचारलं, "दादा, मग मघाचं सत्तर काय होतं?" मी म्हटलं, "त्या सत्तरला इथे काहीच अर्थ नाही, ते खोडून टाक."

फाइलवर तेच काम असं होतं:

```python
import numpy as np, pandas as pd

d = pd.read_csv("chowk.csv")

def leq(x):
    return 10 * np.log10(np.mean(10 ** (x / 10)))

print(leq(d.laeq), leq(d.laeq[d.horn == 0]))
```

पहिला आकडा सगळ्या सेकंदांचा, दुसरा हॉर्नचे सेकंद वगळून. दोन्हींतला फरक हे आमच्या प्रश्नाचं उत्तर.

याच हिशोबातून हॉर्न कमी करण्याच्या मोहिमेची मर्यादाही कळते, आणि ती मुलांना आधीच सांगणं मला फार गरजेचं वाटतं. वरच्या मिनिटात हॉर्न निम्मा झाला, म्हणजे सहाऐवजी तीन सेकंद, तर समतुल्य पातळी ७५.७ होते. निम्मे हॉर्न बंद करून तीन डेसिबलसुद्धा कमी होत नाहीत. फक्त डेसिबल दाखवले तर मोहीम फसली असं वाटेल, म्हणून आम्ही तासातले हॉर्नचे एकूण सेकंदही सोबत देणार आहोत. हॉर्न पूर्ण थांबला तरी ६८ उरतातच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० आणि रात्रीची ४० डेसिबल आहे, निवासी भागाची ५५ आणि ४५. उरलेला आवाज इंजिनांचा आणि टायरांचा. त्याला वेग, रस्त्याचा पृष्ठभाग आणि अंतर हेच उपाय.

नियमांबद्दल आणखी एक. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरना आपण सर्रास शांतता क्षेत्र म्हणतो. २०१७ च्या दुरुस्तीनुसार राज्य सरकारने तसं अधिसूचित केलेलं असावं लागतं. म्हणून अहवालात 'शांतता क्षेत्राचा भंग' असं लिहिण्याआधी ती जागा अधिसूचित आहे का, हे लेखी विचारा. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, त्यामुळे गर्दीच्या एका तासाचा आकडा त्या मर्यादेशेजारी मांडताना तो एका तासाचाच आहे हे स्पष्ट लिहा. आपलं घरगुती यंत्र कायदेशीर पुरावा ठरत नाही. त्याच जागी, त्याच यंत्राने, आधी आणि नंतर मोजलेला फरक मात्र भरवशाचा असतो.

सिग्नलच्या वेळा आणि हॉर्नचे सेकंद एकावर एक ठेवले तेव्हा चित्र लगेच दिसलं. लाल दिव्याच्या सुरुवातीला चौक बऱ्यापैकी शांत असतो. उलटी मोजणी संपत आली की मागच्या रांगेतून हॉर्न सुरू होतात आणि हिरवा लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत कळस गाठतात. चौकातले हवालदार काका तिपाईजवळ आले होते, त्यांनी आलेख बघितला आणि म्हणाले, "हे तर मी रोज ऐकतो. मागच्याला सिग्नल दिसतच नाही ना, बस आडवी असते." यातून मुलांना नवा प्रश्न मिळाला: मागच्या रांगेला दिसेल असा, उंचावर दुसरा दिवा लावला तर हॉर्न कमी होतील का?

मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० मध्ये काही सिग्नलना डेसिबलमापक जोडले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आमच्या मुलांना ती कल्पना आवडली, पण एकाच्या हॉर्नची शिक्षा रांगेतल्या रुग्णवाहिकेलाही होईल म्हणून त्यांनी ती प्रस्तावात घेतली नाही. मला ते पटलं.

पुढचा टप्पा तुलनेचा. आठवड्याचे तेच वार, तीच वेळ, अर्धा तास स्वयंसेवक फलक घेऊन मागच्या रांगेजवळ उभे आणि अर्धा तास कुणीच नाही, असं आलटून पालटून. एक आठवडा आधी आणि एक नंतर असं केलं तर मधली सुट्टी, पाऊस किंवा लग्नसराई सगळा फरक खाऊन टाकते. पावसातल्या नोंदी वगळायच्या, ओल्या रस्त्यावर टायरांचा आवाज वाढतो.

बटणाची जागा प्रोग्रामने घ्यावी यासाठीही काम सुरू केलं आहे. हॉर्नची बरीच ऊर्जा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, म्हणून त्या पट्ट्याचा वेगळा आकडा दर सेकंदाला साठवायला लागलो आहोत. अडचण ब्रेकच्या किंचाळण्याची आहे, तीही तिथेच येते. हॉर्न एका पट्टीवर स्थिर राहतो आणि ब्रेकची पट्टी घसरत जाते, या फरकावर वेगळं करता येईल असा माझा अंदाज आहे. कुणी `ESP32` वरच हे वर्गीकरण केलं असेल, किंवा `INMP441` साठी अर्ध्या इंचाच्या कॅलिब्रेटरमध्ये बसणारी कडी थ्रीडी प्रिंट केली असेल, तर तिची मापं कळवा. पुढच्या मोजणीआधी ती करून घ्यायची आहे.