झाकणामागच्या दोन जिभा

सर विट्याहून गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आले ते जानेवारीत, उसाची वाहतूक जोरात चालू असताना. दीड लिटर इंजिनाची पेट्रोल गाडी, साधारण ७० हजार किलोमीटर चाललेली. सिग्नलला थांबली की स्टिअरिंग थरथरायचं, आरपीएमचा काटा ६०० आणि ८५० च्या मध्ये हलत राहायचा. ॲव्हरेज साडेचौदावरून अकरावर आलेलं. सर टाकी फुल करून वहीत आकडे लिहिणारे, त्यामुळे त्या आकड्यावर माझा लगेच विश्वास बसला.

"दादा, एअर फिल्टर बदलला आणि तेव्हापासून हे सुरू झालं," ते म्हणाले. फिल्टर दिवाळीनंतर, प्रवासात रस्त्याकडेच्या एका दुकानात बदलला होता. त्यानंतर दुसरीकडे प्लग बदलून झाले, एक कॉइल बदलून झाली, इंजेक्टरही साफ झाले. सात हजारांच्या आसपास खर्च, आणि गाडी होती तशीच.

फिल्टर बदलणं म्हणजे झाकणाच्या क्लिपा काढायच्या, जुना उचलायचा, नवा ठेवायचा. त्यात बिघडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण मिसिंगचं गिऱ्हाईक आलं की शेवटचा हात गाडीला कुठे लागला हे मी आधी विचारतो, आणि इथे ते उत्तर सरांनी स्वतःहून दिलं होतं.

स्कॅनर लावला. कोड एकच, P0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोडवरून पार्ट ठरत नाही, म्हणून गरम इंजिनावर चालू आकडे बघितले. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ट्रिम म्हणजे संगणक पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, कायमची LTFT आणि त्या क्षणाची STFT मिळून, +२८ टक्के. म्हणजे ठरल्यापेक्षा पाव हिश्श्याहून जास्त पेट्रोल संगणकाला वाढवून द्यावं लागत होतं. निरोगी गाडीत हा आकडा अधिक किंवा उणे पाचाच्या आत असतो. मग २५०० आरपीएमला धरलं, तिथेही +१६. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आयडलला १.८५ g/s, म्हणजे सेकंदाला तेवढे ग्रॅम हवा, दाखवत होता. एवढ्या इंजिनाला गरम झाल्यावर मला अडीचच्या आसपास अपेक्षित असतात.

मी दोन्हीकडे बघतो याला कारण आहे. सिलिंडरना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर कुठे हवा ओढत असेल तर आकडा आयडलला मोठा असतो आणि रेस वाढवली की उतरतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद असताना मॅनिफोल्डमधलं ओढणं सगळ्यात जास्त असतं, आणि एकूण हवा थोडी असल्याने भोकातून आलेली हवा त्यात मोठी ठरते. सेन्सर घाण असेल तर उलट, हवा वाढली की चूकही वाढते किंवा निदान तशीच राहते. इथे दोन्ही ठिकाणी आकडा चढलेला, पण आयडलला जास्त. दोन आजार एकत्र असतील अशी शंका तेव्हाच यायला हवी होती. मी मात्र १६ बघून सेन्सरवर थांबलो.

सेन्सर काढायला एअर फिल्टरचा बॉक्स उघडायला गेलो तर झाकण मागच्या बाजूला वर उचललेलं दिसलं. या बॉक्सच्या झाकणाला मागे प्लास्टिकच्या दोन जिभा असतात. त्या आधी खाचेत सरकवायच्या आणि मग पुढच्या क्लिपा लावायच्या. इथे जिभा बाहेरच होत्या आणि क्लिपा जोर लावून बसवलेल्या. मागे तीन-चार मिलिमीटरची फट. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, त्या फटीपासून सेन्सरपर्यंत, मातीचा तपकिरी पट्टा उमटला होता. उसाच्या ट्रॉल्यांमागून दोन महिने रोज ये-जा, सगळी धूळ फिल्टरला वळसा घालून आत गेलेली.

सेन्सरमध्ये तापवलेला बारीक भाग असतो. वाहती हवा त्याला किती थंड करते, यावरून हवा मोजली जाते. त्यावर मातीचा थर बसला की हवा त्याला नीट थंड करू शकत नाही, आणि सेन्सर हवा कमी सांगतो. चावी काढून, कनेक्टर सोडून, दोन स्क्रूंवर तो बाहेर काढला. याला खास सेन्सर क्लीनरचाच स्प्रे वापरायचा. कार्ब क्लीनर नको, तो थर मागे ठेवतो आणि प्लास्टिकही खातो. कापड, ब्रश, बोट यातलं काहीही आत लावायचं नाही. लांबून दहा-बारा छोटे फवारे मारले आणि अर्धा तास नुसता वाळू दिला. माझ्याकडचा पोरगा एअर गन घेऊन आला होता, त्याला थांबवलं. त्या दाबाने आतलं नाजूक काम तुटतं.

बसवलं, थोडी फिरवून आणली. २५०० ला आकडा +३ वर आला. पिकअप सुधारला, सरांचा चेहरा खुलला. पण आयडलला गाडी अजून थरथरत होती आणि आकडा +२० होता.

मग मी बाकड्यावर बसून विचार केला. झाकणाची फट सेन्सरच्या आधी होती. तिथून आलेली हवा सेन्सरवरूनच जाते, मोजली जाते. ती घाण करते, पण मिश्रण पातळ करत नाही. हे +२० सेन्सरच्या पुढचं होतं, आणि फक्त आयडलला होतं म्हणजे थ्रॉटलच्याही पुढचं.

व्हॅक्यूम पाइप एकेक करून चिमट्याने दाबले. पाइप गळत असेल तर दाबल्याबरोबर STFT उतरायला लागतो. एकाही पाइपला फरक पडला नाही. इथे माझा तास गेला. काहीजण अशा वेळी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारत फिरतात. गरम एक्झॉस्टशेजारी मी ते करत नाही, आग लागलेली पाहिली आहे.

शेवटी इंजिन बंद करून ब्रेक बूस्टरच्या पाइपातून अगदी कमी दाबाने धूर सोडला. मिनिटभरात मॅनिफोल्डच्या टोकाला, खालच्या अंगाने, धुराची बारीक रेघ निघाली. ती पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात आणणाऱ्या पाइपातून येत होती. हा पाइप एअर बॉक्सच्या कडेला क्लिपने धरलेला होता. झाकण ओढून काढताना तो ताणला गेला आणि निप्पलवर चढवलेलं त्याचं कडक झालेलं टोक खालून फाटलं. मी चिमटा फाटलेल्या जागेच्या पलीकडे लावत होतो, मग फरक कसा पडणार?

आणि अकराच्या ॲव्हरेजचा हिशेबही तिथेच लागला. निप्पल चौथ्या सिलिंडरला लागून आहे, त्यामुळे चोरटी हवा जास्त त्यालाच मिळायची. तो नीट जळायचा नाही आणि त्याचा न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरला दिसायचा. संगणक पेट्रोल वाढवायचा, पण चारही सिलिंडरना. म्हणजे एकाची उपासमार आणि तिघांना गरजेपेक्षा जास्त. त्यात सेन्सर घाण असल्याने चढाला ओढ कमी, म्हणून सर खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ रेस देत होते. प्लग आणि कॉइल यात कुठेच नव्हते.

त्याच आतल्या मापाचा नवा व्हॅक्यूम पाइप दीडशे रुपयांच्या आत आला. क्लॅम्प लावून बसवला, कोड पुसला, मसूर फाट्यापर्यंत जाऊन आलो. आयडलला सेन्सर २.४ g/s, ट्रिम +३, आरपीएमचा काटा ७०० वर स्थिर.

निघण्याआधी मी सरांना झाकण स्वतः बसवायला लावलं. आधी मागच्या जिभा खाचेत, मग झाकण खाली. क्लिपा बोटाने लागल्या, जोर लावावाच लागला नाही. "एवढंच?" सर म्हणाले आणि झाकण पुन्हा काढून त्यांनी ते आणखी एकदा बसवून पाहिलं. तीन आठवड्यांनी फोन आला. वहीत दोन टाक्यांचे आकडे होते, १४.१ आणि १४.४.