जळगावपेक्षा दहा हजारांनी स्वस्त सोनं: तो आकडा आला कुठून?

2025 च्या ऑक्टोबरात सोनं औंसला 4,300 डॉलरच्या वर गेलं आणि महिनाअखेरीस 4,000 च्या आसपास उतरलं. आमच्याकडे कापूस घरात येत होता, तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लग्न होतं आणि सोनं घ्यायचं बाकी होतं. अशात चोपड्याहून दाजींनी एका वेबसाइटची लिंक पाठवली. वर ‘जळगाव सराफ बाजार, आजचा भाव’, खाली 24 कॅरेट, 10 ग्रॅम, 1,13,200 रुपये, आणि शेजारी ‘याच भावात बुक करा’ असं बटण. जळगावच्या आमच्या सराफानं त्याच दिवशी 1,23,600 सांगितले होते. दाजींचा फोन आलाच: “दहा हजारांचा फरक शे भाऊ, आजच पैसे टाकून दे.”

मी आधी कागद-पेन घेतलं. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये आणि औंसला असतो. एक औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम. 4,000 डॉलर आणि डॉलरचे 88 रुपये धरले तर औंस 3,52,000 रुपयांना पडतो, म्हणजे 10 ग्रॅम साधारण 1,13,170. वेबसाइटचा आकडा हाच होता! तो परदेशातला उघडा भाव होता, त्यावर जळगावचं नाव चिकटवलेलं. भारतात येताना सोन्यावर आयात शुल्क लागतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. ते मिळवलं की 1,19,960 होतात, आणि वर 3 टक्के जीएसटी धरला की 1,23,560. आमच्या सराफाचा भाव इथंच बसत होता. बाजारात मागणीप्रमाणे यात थोडी घट-वाढ होते. पण कर भरून कोणी सोनं दहा हजार कमीनं देत असेल, तर त्याला ते परवडतं कसं, हे आधी विचारावं.

मग मधला, म्हणजे जीएसटीआधीचा 1,19,960 चा आकडा पडताळला. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा भाव जाहीर करते, ते ibjarates.com वर दिसतात. त्यात जीएसटी आणि मजुरी नसते, आणि 999, 916 अशी शुद्धता प्रत्येक भावासमोर लिहिलेली असते. रिझर्व्ह बँकेनं सार्वभौम सुवर्ण रोख्यांची किंमत ठरवायला हेच भाव वापरले होते. पत्ता मात्र स्वतः टाइप करायचा, कारण एखादं अक्षर इकडचं तिकडे करून नकली साइट उभी करणं अवघड नाही.

सगळ्यात मजा रविवारी आली. त्या दिवशी असोसिएशनचा भाव येत नाही, एमसीएक्सचं वायदा मार्केट बंद असतं आणि जागतिक बाजारही आपल्या सोमवारच्या पहाटेपर्यंत झोपलेला असतो. तरी दाजींच्या वेबसाइटवर दुपारी आकडे मिनिटामिनिटाला लाल-हिरवे होत होते. भाव कोणत्या वेळचा, कोणत्या शुद्धतेचा, कराशिवाय की करासह, याचा कुठंच पत्ता नाही. बुकिंगचं बटण दाबलं तर यूपीआयवर दुकानाऐवजी एका माणसाचं नाव आलं. तिथंच थांबलो. दाजींनी पैसे टाकले असते, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा लागला असता.

दाजी तरी ऐकतात कुठले! दुसऱ्या दिवशी एक रील आलं: ‘सोनं 80 हजारांवर येणार, तज्ज्ञांचा इशारा’. हाही हिशेब उलटा लावला. 80,000 मधून जीएसटी आणि शुल्क काढलं तर 73,270 उरतात, आणि डॉलर 88 रुपयेच धरला तर औंसला सुमारे 2,590 डॉलर येतात. म्हणजे सोनं एक तृतीयांशाहून जास्त पडायला हवं. तसं कधीच होणार नाही असं मी म्हणत नाही. पण 2,600 च्या आसपासचा भाव डिसेंबर 2024 मध्ये होता, म्हणून रील नीट पाहिलं. मुलाखतीची तारीख कापलेली, कोपऱ्यातल्या वाहिनीच्या चिन्हावर पट्टी. मुलाखत तेव्हाची असावी, मथळा नवा. किती दिवसांत आणि कशामुळे पडणार, हे कोणी बोलतच नव्हतं.

शेवटी खरेदी जळगावातच झाली, पण तिथंही हा हिशेब कामी आला. दागिना 22 कॅरेटचा, म्हणजे 916. जीएसटीशिवायच्या 1,19,960 चे 91.6 टक्के होतात 1,09,880 च्या आसपास. सराफानं 1,10,360 लावले होते. विचारलं तर म्हणाला, “आम्ही 92 टक्के धरतो, दादा.” बरेच सराफ तसंच धरतात, हे खरं आहे. पण 10 ग्रॅमला पावणेपाचशेच्या वर फरक पडतो, म्हणून तेवढं मजुरीतून कमी करायला लावलं आणि बिलावर भाव, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घेतले. दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क क्रमांक दाजींनी स्वतः बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहिला.